शून्य जुळलं म्हणून मायक्रोमीटर बरोबर नसतो: कॅलिब्रेशन कसं करायचं आणि त्याची नोंद कशी ठेवायची

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे जे छोटे कारखाने आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या क्वालिटीच्या कपाटात कॅलिब्रेशनची फाइल असते. ती उघडली तर प्रत्येक साधनाचं सर्टिफिकेट, त्यावर 'ओके'चा शिक्का आणि पुढची तारीख, एवढं मिळतं. ऑडिटच्या दिवशी तेवढ्यावर भागतं. पण एखादा मायक्रोमीटर कॅलिब्रेशनमध्ये नापास झाला, तर गेल्या काही महिन्यांत त्याने मोजलेल्या मालाचं काय करायचं, याचं उत्तर ती फाइल देत नाही. नोंदीचा फॉर्म ठरवताना हाच दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा आणि तिथून उलट मागे येत फॉर्म आखायचा.

या लेखात एकच साधन घेतलं आहे: ० ते २५ मिमीचा, ०.००१ मिमी लीस्ट काउंटचा डिजिटल मायक्रोमीटर. उदाहरणातल्या कारखान्यात त्यावर २० मिमी व्यासाची ग्राइंड केलेली पिन मोजतात, टॉलरन्स ±०.०२५ मिमी. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण साधन प्रत्यक्षात असंच झिजतं.

आधी मर्यादा ठरवा

कॅलिब्रेशन म्हणजे साधन किती चुकतं ते मोजून लिहून ठेवणं. ती चूक चालेल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर साधन वापरणाऱ्याने द्यायचं असतं. बऱ्याच ठिकाणी कॅटलॉगमधला नव्या साधनाचा आकडा, म्हणजे चांगल्या डिजिटल मायक्रोमीटरला साधारण ±०.००२ मिमी, तसाच मर्यादा म्हणून उतरवतात. मग वापरून थोडा झिजलेला, पण कामाला पुरेसा असलेला मायक्रोमीटर विनाकारण बाद होतो. याउलट कुणी कसलीच मर्यादा लिहीत नाही आणि सर्टिफिकेट आलं की 'पास' समजून मोकळा होतो.

मर्यादा जॉबवरून काढायची. आपल्या पिनला एकूण ०.०५० मिमी सूट आहे. साधनाच्या चुकीचा पट्टा या सुटीच्या एक दशांश असावा, निदान एक चतुर्थांशाच्या पुढे जाऊ नये, हा जुना आणि अजूनही उपयोगी अंदाज आहे. ±०.००४ मिमी मर्यादा धरली तर पट्टा ०.००८ मिमीचा होतो, म्हणजे सुटीच्या साधारण सहाव्या भागाएवढा. हे मान्य करण्यासारखं आहे. रेकॉर्डमध्ये मर्यादेच्या शेजारी एक ओळ लिहून ठेवा: 'मर्यादा ±०.००४, आधार: पिन २० ±०.०२५'. उद्या हाच मायक्रोमीटर ०.०२० मिमी सुटीच्या जॉबवर गेला, तर मर्यादा पुन्हा काढायला हवी हे त्या ओळीवरूनच कळतं.

कोणत्या मापांवर तपासायचं

रोज सकाळी ऑपरेटर मायक्रोमीटर बंद करतो, डिस्प्लेवर ०.००० दिसलं की कामाला लागतो. ही तपासणी हवीच, पण ती फक्त एका जागेची आहे. मायक्रोमीटरचं माप त्याच्या स्क्रूवर चालतं. डिजिटल असला तरी आत साधारणपणे तोच अर्ध्या मिलिमीटर पिचचा स्क्रू असतो आणि डिस्प्ले फक्त तो किती फिरला ते दाखवतो. स्क्रूच्या ज्या भागावर काम जास्त, तो भाग आधी झिजतो. पिन २० मिमीची असेल तर झीज तिथे होते आणि शून्याजवळचा भाग जवळपास नवाच राहतो.

म्हणून स्लिप गेजच्या ठरावीक मापांवर तपासायची पद्धत आहे: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५ मिमी. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे हिशेब आहे. पाच-पाच मिमीच्या पायऱ्या घेतल्या असत्या तर प्रत्येक वेळी थिंबल फिरून त्याच कोनात आला असता आणि एका फेरीच्या आतली चूक कधी दिसलीच नसती. या मापांवर थिंबल वेगवेगळ्या कोनांत थांबतो, त्यामुळे स्क्रूची लांबी आणि फेरी दोन्ही तपासून होतात.

या दहा मापांत स्वतःच्या जॉबचं माप मिळवा. इथे २०.० मिमी. खर्च एका जास्तीच्या स्लिपचा, पण पुढचा सगळा हिशेब याच रीडिंगवर उभा राहतो. बाहेरच्या लॅबकडे साधन पाठवताना चलनावरच लिहा की २०.० मिमीवरचं रीडिंगही हवं. सांगितलं तर लॅब ते देते.

प्रत्यक्ष काम

स्लिप गेज आणि मायक्रोमीटर एकाच लोखंडी किंवा ग्रॅनाइटच्या प्लेटवर निदान दोन तास शेजारी ठेवा. मापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि खोली २० ±२ अंशांत असली तर उत्तम. पण या कामात खोलीच्या तापमानापेक्षा दोन्ही वस्तूंमधला फरक जास्त त्रास देतो. २५ मिमी पोलाद एका अंशाला साधारण ०.३ मायक्रॉन वाढतं. दोन्ही पोलादाचे आणि एकाच तापमानाचे असतील तर ही वाढ बरीचशी एकमेकांत कटते. मुठीत धरून गरम झालेला मायक्रोमीटर आणि पेटीतून आत्ताच काढलेली थंड स्लिप, ही जोडी वाईट. फ्रेमवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर तिथेच धरा, जमल्यास स्टँडला लावा.

मायक्रोमीटरचे दोन्ही फेस पुसा. मग स्वच्छ कोरा कागद मध्ये धरून रॅचेटने हलकं मिटवा आणि कागद ओढून घ्या. अडकलेला कण बहुतेक वेळा त्याच्याबरोबर निघतो. स्लिपवरचं गंजरोधक तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा आणि स्लिप उघड्या बोटांनी हाताळू नका. २०.२ मिमीसारखं माप एका स्लिपमध्ये नसेल तर १०, ९ आणि १.२ अशा तीन स्लिप घासून चिकटवून बनवा.

आता एक महत्त्वाची शिस्त. पहिली रीडिंग घेण्याआधी काहीही जुळवू नका. शून्य चुकलेलं असेल तर तेही तसंच लिहा. साधन कारखान्यात ज्या अवस्थेत वापरलं जात होतं, त्या अवस्थेतली ही रीडिंग म्हणजे 'आल्यावेळची स्थिती'. आधी शून्य जुळवून मग रीडिंग घेतली, तर मागच्या मालाबद्दलचा पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो. जुळवाजुळव करावी लागलीच, तर नंतर 'जुळवल्यानंतरची स्थिती' म्हणून पुन्हा सगळी मापं घ्या.

प्रत्येक मापावर तीन रीडिंग घ्या. रॅचेटचे दोन-तीन टिकटिक झाले की थांबा, थिंबल मुठीने आवळू नका. चूक काढताना सरासरीतून स्लिपवर कोरलेला आकडा नव्हे, तर तिच्या सर्टिफिकेटमधली खरी लांबी वजा करायची. ग्रेड १ची १० ते २५ मिमीमधली स्लिप ०.३० मायक्रॉनपर्यंत इकडेतिकडे असू शकते. या कामात तो फरक किरकोळ आहे, पण सवय हीच ठेवा.

आपल्या मायक्रोमीटरची, म्हणजे मा-०७ ची, काही मापं अशी आली (सगळं मिमीमध्ये):

| माप | स्लिपची खरी लांबी | रीडिंग १ | रीडिंग २ | रीडिंग ३ | सरासरी | चूक |
|---|---|---|---|---|---|---|
| ० (बंद) | – | ०.००० | ०.००० | ०.००० | ०.०००० | ०.०००० |
| १०.३ | १०.३००१ | १०.३०० | १०.३०० | १०.३०० | १०.३००० | −०.०००१ |
| १७.६ | १७.६००१ | १७.५९९ | १७.५९८ | १७.५९९ | १७.५९८७ | −०.००१४ |
| २०.० | १९.९९९९ | १९.९९४ | १९.९९४ | १९.९९३ | १९.९९३७ | −०.००६२ |
| २०.२ | २०.२००२ | २०.१९५ | २०.१९५ | २०.१९६ | २०.१९५३ | −०.००४९ |
| २२.८ | २२.८००१ | २२.७९६ | २२.७९७ | २२.७९७ | २२.७९६७ | −०.००३४ |
| २५.० | २५.०००१ | २४.९९८ | २४.९९९ | २४.९९९ | २४.९९८७ | −०.००१४ |

शून्य अगदी बरोबर आहे, दोन्ही टोकं ठीक आहेत आणि मधेच २० मिमीजवळ खड्डा आहे. चुकीचं चिन्हही झिजेशी जुळतं: स्क्रूचा दाता झिजला की स्पिंडल तेवढा मागे दबतो, वस्तूला टेकायला तो जास्त फिरवावा लागतो आणि डिस्प्ले खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

एक झीज मात्र या तक्त्यात कधीच दिसत नाही. पिन नेहमी फेसवर एकाच जागी धरली जात असेल तर तिथे बारीक खाचा पडतो. सपाट स्लिप त्या खाच्याच्या दोन्ही कडांवर पुलासारखी टेकते आणि माप बरोबर दाखवते. पिन मात्र खाच्यात बसते आणि लहान दिसते. हे ओळखायला ऑप्टिकल फ्लॅट फेसवर ठेवून एकरंगी प्रकाशात रेषा बघाव्या लागतात. रेषा वाकड्या दिसल्या की फेस सपाट नाही. एक रेषा म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉनचा फरक. ऑप्टिकल फ्लॅट नसेल तर माहीत व्यासाची मास्टर पिन नेहमीच्या जागी आणि फेसच्या कडेजवळ अशी दोन ठिकाणी मोजा. दोन्हीत फरक आला की लॅबला फेस तपासायला सांगा.

पास, नापास आणि मधला पट्टा

आपलं मोजणंही थोडं डळमळतं. त्याची अनिश्चितता काढताना इथे पाच गोष्टी धरल्या: रीडिंगमधला चढउतार, डिस्प्लेचा शेवटचा आकडा, शून्य लावताना तोच आकडा पुन्हा, स्लिपची स्वतःची शंका आणि दोन्ही वस्तूंमधला एखाद्या अंशाचा तापमानफरक. या सगळ्यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ आणि त्याची दुप्पट, म्हणजे सुमारे ९५ टक्के खात्रीची अनिश्चितता. आपल्या उदाहरणात ती १.१ मायक्रॉन येते.

मर्यादा ४ मायक्रॉन, त्यातून १.१ वजा केले की २.९ उरतात. चूक २.९ च्या आत असेल तर बेधडक पास म्हणा. ४ अधिक १.१, म्हणजे ५.१ च्या बाहेर असेल तर बेधडक नापास. मधल्या पट्ट्यात काय करायचं हा निर्णय नियम म्हणून आधीच लिहून ठेवायचा असतो, रीडिंग बघितल्यावर नाही. माझा कल असा की मधला पट्टा 'सशर्त' धरावा: साधन वापरा, पण पुढची तारीख निम्म्यावर आणा. तक्त्यातली २२.८ आणि २०.२ ची रीडिंग या पट्ट्यात पडतात. २०.० ची चूक मात्र ६.२ मायक्रॉन आहे, त्यामुळे मा-०७ नापास.

नोंदीत काय काय हवं

वरच्या तक्त्याभोवती पुढची माहिती एकाच पानावर यायला हवी. साधनाचा क्रमांक, मेक, रेंज, लीस्ट काउंट आणि ते कोणत्या लाइनवर होतं. कॅलिब्रेशनची तारीख, खोलीचं तापमान, कुणी केलं आणि कोणत्या लेखी पद्धतीने. मर्यादा आणि तिचा आधार. आल्यावेळची रीडिंग, जुळवलं असेल तर नंतरचीही. अनिश्चितता आणि निर्णयाचा नियम. वापरलेल्या स्लिप सेटचा क्रमांक, त्याच्या सर्टिफिकेटचा क्रमांक आणि त्या दिवशी त्याची मुदत चालू होती का. शेवटी निर्णय, पुढची तारीख आणि मंजुरीची सही.

एवढं असूनही एक दुवा बहुतेक ठिकाणी निसटतो, आणि तो कॅलिब्रेशनच्या फाइलमध्ये नसतोच. रोजच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर 'साधन क्र.' असा रकाना हवा आणि तो भरला गेला पाहिजे. 'मायक्रोमीटर' एवढंच लिहिलं असेल आणि कारखान्यात असे नऊ असतील, तर मा-०७ ने काय काय मोजलं हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय रिपोर्टवर 'ओके' न लिहिता रीडिंग लिहा. का, ते पुढे येतंच.

माग कुठपर्यंत जातो

ट्रेसेबिलिटी म्हणजे आपल्या रीडिंगपासून मीटरच्या व्याख्येपर्यंतची न तुटलेली साखळी, आणि प्रत्येक कडीला तिची अनिश्चितता. मा-०७ आपल्या स्लिप सेटवर तपासला. तो सेट एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबने तपासला. त्या लॅबचे मास्टर वरच्या पातळीवर तपासले जातात, आणि देशात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे लांबी लेझरच्या तरंगलांबीवरून काढतात, कारण १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर बांधलेली आहे.

एवढी साखळी पाठ असायची गरज नाही. आपल्या हातातली कडी तपासता आली म्हणजे झालं. स्लिप सेटचं सर्टिफिकेट आलं की त्यावर एनएबीएलचं चिन्ह आहे का ते बघा. लॅबच्या मान्यतेच्या व्याप्तीत स्लिप गेज आहेत का, तेही एनएबीएलच्या संकेतस्थळावर तपासा. लॅब मान्यताप्राप्त असते, पण कधी कधी फक्त विद्युत मापनासाठी. प्रत्येक स्लिपचं विचलन आणि अनिश्चितता आकड्यांत दिली आहे का ते पाहा. 'आमचे मास्टर राष्ट्रीय प्रयोगशाळेशी जोडलेले आहेत' एवढंच वाक्य आणि खाली 'समाधानकारक' असा शेरा असेल, तर त्या कागदावरून स्लिपची खरी लांबी कळत नाही. असा कागद परत पाठवा.

दोन कॅलिब्रेशनमध्ये किती अंतर

लॅबने पुढची तारीख छापली नाही म्हणून अनेक जण तक्रार करतात. आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीनुसार ग्राहकाशी ठरलं नसेल तर लॅबने सर्टिफिकेटवर किंवा स्टिकरवर मुदतीची शिफारस करायचीच नसते. साधन दिवसाला दोन पिना मोजतं की दोन हजार, हे लॅबला कुठून कळणार? मुदत आपण ठरवायची.

सुरुवात सहा महिन्यांनी करा आणि पुढे साधनाच्या इतिहासावर सोडा. चूक मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत राहिली तर पुढची मुदत थोडी वाढवा, त्याबाहेर गेली तर कमी करा. पण नुसतं पास-नापास बघू नका, एकाच मापावरच्या चुका ओळीने लिहा. मा-०७ च्या हिस्टरी कार्डावर २०.० मिमीच्या चार नोंदी अशा आहेत: −०.००१, −०.००१, −०.००३, −०.००६. तिसऱ्या वेळी तो मर्यादेत होता, पण उडी तिथेच दिसत होती. तेव्हा मुदत तीन महिन्यांवर आणली असती, तर चौथी नोंद कमी धक्कादायक आली असती.

सहा महिन्यांच्या मधली दरी भरायला २०.० मिमीची एक कॅलिब्रेट केलेली स्लिप किंवा मास्टर पिन लाइनजवळ ठेवा. दर सोमवारी पहिल्या शिफ्टला तिच्यावर एक रीडिंग आणि वहीत एक ओळ. चूक ०.००३ च्या पुढे गेली की साधन थांबवून क्वालिटीला कळवायचं. हे कॅलिब्रेशन नव्हे, मधली चाचपणी आहे. नापास होण्याच्या दिवशी तिची किंमत कळते.

मा-०७ नापास झाल्यावर

साधनावर लाल स्टिकर लावून ते बाजूला ठेवा. मग प्रश्न येतो की संशय कधीपासून धरायचा. सोमवारची वही नसती, तर मागच्या पास कॅलिब्रेशनपासून, म्हणजे पूर्ण सहा महिन्यांचा माल संशयित धरावा लागला असता. समजा वही आहे: सात आठवड्यांपूर्वी −०.००३, त्यानंतर −०.००५, आणि ओळ लिहिणाऱ्याने ती तशीच सोडली. सोडायला नको होती, पण लिहिली होती, त्यामुळे संशयाचा काळ सहा महिन्यांवरून सात आठवड्यांवर आला.

आता कोणत्या पिना बघायच्या? मायक्रोमीटर ६ मायक्रॉन कमी दाखवतो, म्हणजे खरा व्यास रीडिंगपेक्षा ०.००६ ने जास्त. वरची सीमा २०.०२५. म्हणजे २०.०१९ च्या पुढे नोंदलेली पिन प्रत्यक्षात मोठी असू शकते. अनिश्चिततेसाठी एक मायक्रॉन सोडून २०.०१८ पासून वरच्या सगळ्या नोंदी काढा. खालच्या बाजूला गिऱ्हाइकाला धोका नाही, कारण तिथल्या पिना नोंदीपेक्षा थोड्या मोठ्याच आहेत. उलट १९.९७० ते १९.९७५ च्या मधली म्हणून भंगारात टाकलेल्या पिनांपैकी बऱ्याच चांगल्या होत्या. रिपोर्टवर नुसतं 'ओके' असतं तर ही छाननी शक्यच नव्हती, सगळाच माल उचलावा लागला असता.

शेडमध्ये आणि गोदामात असलेल्या अशा पिना दुसऱ्या, नुकत्याच पास झालेल्या मायक्रोमीटरवर पुन्हा मोजा. रवाना झालेल्या असतील आणि संशय टिकत असेल, तर गिऱ्हाइकाला कळवा; वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये हे बंधनच आहे. कळवताना बॅच, तारखा आणि जास्तीत जास्त किती मायक्रॉनचा प्रश्न आहे ते आकड्यांत लिहा. 'एक मायक्रोमीटर सदोष आढळला' असं मोघम पत्र गेलं की समोरचा सगळा साठा थांबवतो.

मा-०७ चं पुढे काय? शून्य ६ मायक्रॉन सरकवून २० वर बरोबर करून घ्यायचा मोह होतो. तसं केलं तर बाकीची सगळी मापं तेवढीच जास्त दाखवतील. मेकरकडून स्पिंडल बदलून घेता येतो, पण त्याचा खर्च नव्या साधनाच्या जवळ जात असेल तर दुसरा मार्ग बघा. ० ते १५ मिमीपर्यंतच्या सगळ्या मापांवर तो मर्यादेत असेल, तर त्यावर पिवळं स्टिकर लावा: 'फक्त ० ते १५ मिमी'. रेकॉर्डमध्येही तेवढीच रेंज लिहा आणि साधन दुसऱ्या लाइनला द्या. २० मिमीच्या पिनेसाठी नवा मायक्रोमीटर येईल, त्याला मा-०७ हा क्रमांक देऊ नका. जुना क्रमांक नव्याला दिला, तर दोन साधनांचा इतिहास एकाच कार्डावर येतो आणि पुढच्या वेळी झीज कुणाची ते ओळखता येत नाही.